यंदाच थांबेल का?

थोरलीचं पत्र मिळालं. तिने कॉलेजात आपला निबंध वाचून दाखवला, वाचन चांगलं झालं, आणि मग मागच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी असा काही प्रश्न विचारला की तिच्या तोंडून शब्दच फुटेना. फुटला तेव्हा ती त्यांच्यावर चिडूनच बोलली. घरी येऊन रडली. "आजी, तू तर गावोगाव सभांमधून बोलायचीस. तुला कधी असं झालं का?" असं तिने विचारलं आहे.

झालं होतं. त्याहून वाईट झालं होतं. मी हे तुम्हा सगळ्या नातवंडांसाठीच लिहिते आहे, आणि धाकट्याला मराठी वाचायला अजून वेळ लागतो म्हणून अक्षर मोठं काढते आहे. थोरलीने त्याला वाचून दाखवावं.

मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकले आणि पुढे दोन वर्षं कॉलेजात. तिथे आमच्या वादविवादाच्या सभा होत. मला त्यात दोनदा बक्षीस मिळालं होतं. कुणी उठून आपल्याला काही विचारलं की तो वार समजायचा आणि उलटा वार करायचा, हे मी तिथे शिकले. उत्तर खरं आहे की नाही हे तिथे कुणी तपासत नसे. ते झटपट आणि ठाम असलं की टाळ्या पडत. पुढे मला जे भोवलं त्याचं मूळ तिथे आहे असं मला वाटतं.

लग्न होऊन मी हिंगोलीकडच्या एका बाजाराच्या गावात आले. तुमचे आजोबा तिथे डॉक्टर होते. राज्य निजामाचं, कागद उर्दूत, आणि दवाखाना म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. उन्हाळा लागला की त्या खोलीत एकाच दुखण्याचे लोक भरत. नारूचे.

तुम्ही नारू पाहिलेला नाही, आणि पाहू नये. पायावर आधी फोड येतो, आग होते, मग फोड फुटून त्यातून पांढरा दोऱ्यासारखा जंत डोकावतो. तो हातभर, कधी दोन हात लांब असतो. तो ओढायचा नाही. बारीक काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा, बोटभर, बाहेर घ्यायचा. महिना जातो, कधी जास्त. मध्येच तुटला तर आत राहिलेला भाग कुजतो, पाय सुजतो, आणि मग काय होईल ते सांगता येत नाही. काडीवर गुंडाळायची ही रीत डॉक्टरांच्या कितीतरी आधीपासून खेड्यातल्या माणसांना येत होती.

तो येतो कुठून, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. तिकडे पाणी बारवेचं. बारव म्हणजे पायऱ्या उतरून खाली जायची विहीर. बाया घागर घेऊन घोटाभर, गुडघाभर पाण्यात उतरत. ज्याच्या पायाला नारू फुटलेला आहे त्याने पाण्यात पाय घातला की नारूची पिल्लं पाण्यात सुटतात. पाण्यातला एक अगदी बारीक किडा ती गिळतो, आणि तो किडा पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातो. मग साधारण वर्षाने त्या माणसाच्या पायाला फोड येतो.

साधारण वर्षाने. हे शब्द लक्षात ठेवा. मी ते आजोबांच्या पुस्तकात वाचले होते आणि खाली पेन्सिलीने रेघही मारली होती.

उपाय दोन होते. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, आणि बारवेच्या खालच्या पायऱ्या भिंत घालून बंद करून वर गडगडी, म्हणजे दोराची कप्पी, बसवायची, म्हणजे पाण्यात पायच पडणार नाही. आजोबांना दवाखान्यातून उठायला फुरसत नसे, म्हणून हे गावोगाव जाऊन सांगायचं काम मी घेतलं. बैलगाडीत एक काचेचा मोठा पेला, आजोबांचं भिंग, पांढरं फडकं आणि दोन तांबे. गावाच्या पारावर बारवेचं पाणी पेल्यात घ्यायचं, उन्हासमोर धरायचं, आणि एकेकाला भिंगातून तुरुतुरु पळणारे किडे दाखवायचे. मग ते पाणी गाळायचं आणि पुन्हा दाखवायचं. बोलायला पाऊण तास.

पहिलं गाव साखऱ्याच्या अंगाला होतं. भिंत घालायची तर होळी ते ज्येष्ठ एवढाच काळ, कारण तेव्हाच बारवेचं पाणी तळाला जातं. मी फाल्गुनात गेले. सभा छान झाली. लोक हसले, किडे पाहून बायांनी तोंडावर पदर घेतला. शेवटी एक वयस्क शेतकरी उठला आणि सरळ म्हणाला, "बाई, इतका खटाटोप करून राहिलोत तर एक सांगा. भिंत घातली तर यंदाच थांबंल का नारू?"

मला पुस्तकातली ती ओळ आठवली. डोळ्यांसमोर रेघेसकट आली. पण सगळे माना डोलवत होते, दगड कुठून आणायचे हे ठरत होतं, आणि मला वाटलं की आता वर्षाचा हिशेब काढला तर सगळंच फिसकटेल. मी म्हणाले, "थांबेल."

आठ दिवसांत भिंत उभी राहिली.

ज्येष्ठात त्या गावात नारू निघाले. निघणारच होते. आदल्या उन्हाळ्यात प्यालेलं पाणी त्यांच्या अंगात होतं. लोकांनी पहारी घेऊन भिंत पाडली. हे मला बाजाराला आलेल्या एका गाडीवानाने सांगितलं. मी माझ्या वहीत त्या गावाच्या नावापुढे लिहिलं, 'लोक अडाणी, धीर नाही.' ती वही अजून माझ्याकडे आहे. रात्री मी ताटं वाढत असताना आजोबांनी मात्र मला एकच विचारलं होतं, "तुला ठाऊक होतं ना?" मी आमटी वाढत राहिले.

पुढच्या वर्षी माघातच मी सेनगावच्या वाटेवरच्या दुसऱ्या गावी गेले. हे गाव मोठं, बारवही मोठी, आणि बाजूला बंजाऱ्यांचा तांडा. तिथला पाटील मोठा चतुर माणूस. त्याने आधीच निरोप धाडला होता की सभा घेऊ, पण ठरवायचं ते सगळ्यांसमोर, आणि एकदाच. आज हो झालं तर भिंत, नाही झालं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. त्या गावात आदल्या उन्हाळ्यात इतके लोक पडून होते की पेरणीला माणसं मिळाली नव्हती. मला ही भिंत काहीही करून हवी होती.

पार भरून गेला. बाया देवळाच्या सावलीला, तांड्यावरच्या बाया त्यांच्याही पलीकडे. पेला उन्हात धरला, किडे दाखवले, पाणी गाळलं. मग मी म्हणाले, "आता विचारा."

आधी एक गमतीदार म्हातारा उठला. "बाई, तुमच्या डोळ्याला चष्मा हाय. तुमाला किडे दिसनारच. आमाला न्हाई दिसत अन् आमी खुशाल पिऊन राहिलो."

सगळे हसले. मीही हसले, आणि भिंग त्याच्या हातात दिलं. त्याने पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि खाली बसला. शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं, "काय दिसलं रं?" तर तो म्हणाला, "तुझं सासर."

मग एक तरणा माणूस म्हणाला, "मी बारवंत पाय घालत न्हाई. पाणी बायको आणते. तरी मला नारू आला. ते काहून?" हे सोपं होतं. मी सांगितलं की पाय घालणाऱ्याचा नारू दुसऱ्यांना लागतो, आणि पिणाऱ्याला तो पिण्यातून येतो. त्याने मान हलवली.

तांड्यावरची एक बाई उभी राहिली. "पायऱ्या बंद केल्यावर घागर घिऊन उतरता येनार न्हाई. मग दोर लागनार. पोहरा लागनार. आमच्याकडं एवढा लांब दोर कुनाकडं हाय? अन् गडगडीला हात लावू देतील का आमाला?"

याचा मी कधी विचारच केला नव्हता. माझ्या पाऊण तासात दोर नव्हता. कॉलेजातली, बक्षीस मिळवणारी मी असते तर म्हणाले असते की आरोग्यापुढे दोराचं काय. ते जिभेवर आलंही होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून मी म्हणाले, "दोराचं मला सुचलं नव्हतं. आणि हात लावू देतील की नाही हे मी कशी सांगू? ते गावाने सांगायचं." आणि मी पाटलाकडे पाहिलं. पाटलाने मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "दोर गावाचा राहील. गडगडी दोन बसवू, एक तांड्याच्या अंगाला." बाई बसली नाही. "हे समद्यांनी ऐकलं ना?" असं तिने दोन्हीकडे पाहून विचारलं, आणि मग बसली.

मला बरं वाटलं. आता मी सांभाळून नेते आहे असं वाटू लागलं. तेवढ्यात देवळाच्या सावलीतून एक म्हातारी उठली. डोक्यावरून हिरवं लुगडं, हातात काठी नाही, पण आवाज असा की पारापलीकडच्या बैलांनी कान टवकारले.

"बाई, मी या गावची न्हाई. माझी लेक इथं दिली हाय. मी साखऱ्याकडची. आमच्या गावात तुमी आला व्हता."

"हो," मी म्हणाले.

"तिथं आमाला काय सांगितलं व्हतं, ते या लोकास्नी सांगा."

बाळांनो, मी तशीच उभी राहिले. हातातलं गाळायचं फडकं ओलं होतं, त्यातून माझ्या पावलावर थेंब पडत होते, आणि ते मला मोजता येत होते. बाकी काही कळत नव्हतं. लोक आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघू लागले. पाटील पुढे झुकला.

"बोला की," म्हातारी म्हणाली. "की मी सांगू? बाईनं म्हनलं, भिंत घाला, यंदाच नारू थांबतो. आमी घातली. मग ज्येष्ठात माझ्या पोराच्या पायाला फोड आला. गुडघ्याच्या खाली. आमी म्हनलो, नारू तर आता येनार न्हाई. बाईनं सांगितलंय. शिकलेली बाई हाय, डाक्टराची बायको हाय. मग हे काय? काटा मोडला असंल. गळू असंल. न्हाव्याला बोलावलं अन् फाडलं."

पुढचं मला कळलं होतं. आत नारू होता, आणि तो वस्तऱ्याने तुटला होता.

"काडीला गुंडाळायचं आमाला ठाऊक न्हाई व्हय? माझ्या सासूचे दोन काढले मी या हातानं. एकबी तुटला न्हाई. पर हा नारूच न्हाई म्हनल्यावर काडी कशाला घ्यायची?" तिने गाडीकडे हात केला. "ऊठ रं. दाखव."

पाराच्या कडेला एक बैलगाडी सोडलेली होती. तिच्या साटीवर बसलेल्या तिशीच्या माणसाकडे माझं आधीही लक्ष गेलं होतं, पण मला वाटलं होतं कुणी गाडीवान असेल. तो दोन्ही हातांवर जोर देऊन खाली उतरला. त्याचा उजवा पाय गुडघ्यात वाकलेला होता आणि तसाच वाकलेला राहिला. टाच जमिनीला लागत नव्हती. त्याने काठी काखेत घेतली आणि उभा राहिला. माझ्याकडे तो रागाने बघत नव्हता. लोक बघतायत म्हणून त्याला लाज वाटत होती.

ते मला कुणीच सांगितलेलं नव्हतं. भिंत पाडली एवढंच मला ठाऊक होतं. ज्येष्ठापासून मी त्या गावाला अडाणी म्हणत होते, आणि ज्येष्ठापासून हा माणूस नांगर धरू शकला नव्हता. माझ्या एका शब्दाने. त्या लोकांनी माझं ऐकलं नाही म्हणून काही बिघडलं नव्हतं. त्यांनी माझं ऐकलं होतं म्हणून बिघडलं होतं.

आणि आता एक लाजिरवाणी गोष्ट सांगते, कारण थोरलीला ती उपयोगी पडेल. त्या क्षणीसुद्धा माझ्या डोक्यात उत्तरं तयार होती. एकाला एक लागून, नीटनेटकी. की गळू वाटलं तरी आधी दवाखान्यात आणायचं होतं. की वस्तरा मी चालवला नाही, न्हाव्याने चालवला. की 'थांबेल' म्हणजे हळूहळू थांबेल असा माझा अर्थ होता. यातली पहिली दोन तर खरीही होती. नुसतं तोंड उघडायचा अवकाश, त्यातलं एखादं बाहेर पडलं असतं, आणि कदाचित मी ती सभा जिंकलेही असते. म्हातारी एकटी होती आणि दुसऱ्या गावची होती.

मी फडकं खाली ठेवलं. थोडा वेळ मिळावा म्हणून म्हणाले, "आजी, तुम्ही विचारलंत ते मी पुन्हा बोलते, चुकलं तर सांगा. मी तुमच्या गावात म्हणाले की भिंत घातली तर यंदाच नारू थांबेल. तुम्ही विश्वास ठेवलात. म्हणून पोराचा नारू ओळखला नाही, आणि पाय गेला. असंच ना?"

"बराबर."

तिचेच शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले तेव्हा माझा आवाज परत आला. दुसरं काही सुचलं नव्हतं म्हणून मी ते केलं होतं, पण पुढे मी ते नेहमी करू लागले. विचारणाऱ्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत आधी त्याला परत द्यायचं. तेवढ्यात आपलंही डोकं ठिकाणावर येतं, आणि आपण त्याचं ऐकलं हे त्याला कळतं.

"मी जे सांगितलं ते खोटं होतं," मी म्हणाले.

पाटील म्हणाला, "म्हंजे तुमाला तवा ठाऊक नव्हतं?"

इथे एक वाट उघडी होती. 'नव्हतं' म्हटलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती.

"ठाऊक होतं. नारू पाण्यातून गेल्यावर वर्षाने निघतो, हे मी वाचलेलं होतं. लोक तयार झाले होते, ते मागे फिरतील अशी भीती वाटली. म्हणून थांबेल म्हणाले."

एका बाईने "अगं बाई" म्हटलं तेवढंच ऐकू आलं. शिकलेल्या माणसाने चारचौघांत मी खोटं बोलले म्हणायचं, हे त्यांनी बहुधा कधी पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं. म्हातारीसुद्धा गोंधळली. मी भांडेन अशा तयारीने ती आली होती.

"मंग माझ्या पोराच्या पायाचं काय?" तिने विचारलं. आवाज आता खाली आला होता.

"त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आजी. पाय डॉक्टर बघतील, पण तो सरळ होईल असं मी म्हणणार नाही. मला ते माहीत नाही."

ती लेकाकडे वळली.

मग पाटलाने विचारलं. मघापासून तो याचीच वाट बघत असावा. "बाई, तिथं खोटं बोलल्या म्हनता. मग इथं आज सांगून राहिल्या ते खरं कशावरून?"

प्रश्न रास्त होता. आयुष्यात मला विचारलेला सर्वांत रास्त प्रश्न तोच. माझ्यावर भरवसा ठेवा असं म्हणायला मला तोंड नव्हतं. मी म्हणाले, "माझ्यावरून खरं धरूच नका. तुम्ही तपासा. या गावात कुणाकुणाच्या घरी आड आहे?" आड म्हणजे घरातली अरुंद विहीर, पायऱ्या नसलेली. त्यात कुणाचा पाय पडत नाही, पाणी दोरानेच काढायचं.

लोकांनी आपसात मोजलं. पाटलाच्या घरी, कुलकर्ण्यांकडे, सोनाराकडे, आणखी तीन-चार.

"त्या घरांत गेल्या उन्हाळ्यात नारू कुणाला निघाला? मला माहीत नाही. तुम्हीच सांगा."

मला खरंच माहीत नव्हतं. आकडा उलटा आला असता तर माझं तिथेच संपलं होतं. बाया बोलू लागल्या, कारण कोण कधी पडून होतं हे बायांना ठाऊक असतं. कुलकर्ण्यांकडे कुणी नाही. दुसऱ्या घरी नाही. तिसऱ्या घरी नाही. पाटलाकडे म्हणे एकाला.

"माझ्या गड्याला," पाटील म्हणाला.

"तो पाणी कुठलं पितो?"

"शेतावर असतो. बारवंचंच..." पाटील बोलता बोलता थांबला. मघाचा म्हातारा हळूच म्हणाला, "पाटील, तुमाला चष्मा नसून दिसायला लागलं." हसू उठलं, पण दबकं.

"अन् सोनाराची सून?" देवळाकडून एक बाई म्हणाली. "तिला निघाला की. त्यांच्या घरी तर आड हाय. अन् ती वरीसभर कुठं गेली न्हाई."

मी विचार केला. काहीतरी जोडता आलं असतं. "ते मला सांगता येणार नाही," मी म्हणाले. "का निघाला ते मला कळत नाही. लिहून घेते, डॉक्टरांना विचारते, आणि पुढच्या बाजारच्या दिवशी निरोप पाठवते." वही काढली आणि सगळ्यांसमोर लिहिलं. (आजोबांनाही ते सांगता आलं नाही. तोच निरोप मी पाठवला.)

"आता शेवटचं," मी म्हणाले. "हे कुणी विचारलं नाही, पण मागच्या वेळी विचारलं होतं. यंदा भिंत घातली तरी यंदाच्या उन्हाळ्यात नारू निघणार. ज्यांनी गेल्या वर्षी ते पाणी प्यालं त्यांच्यातल्या कितीतरी जणांना निघणार. तेव्हा फोड आला तर तो नारू समजा आणि काडी घ्या, वस्तरा नको. फरक दिसला तर पुढच्या उन्हाळ्यात दिसेल. तोही सगळा एकदम नाही."

हे ऐकल्यावर पारावरचा सूरच बदलला. "मग यंदा काय फायदा?" "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू." "दगड वाहायचे अन् नारूबी काढायचे?" पाटलाने हात वर केला. "एकदाच ठरवायचं म्हनलं व्हतं. मला वाटतं, राहू द्या." भिंत माझ्या हातातून गेली हे मला दिसत होतं. मी भांडी आवरायला वाकले.

"पाटील," गाडीजवळून कुणी हाक मारली. तो लंगडा माणूस होता. इतका वेळ तो उभाच होता. "आमच्या गावात भिंत पाडायला पयली पहार मी मारली. पाय सुजलेला असताना मारली. रागानं. हे बाईनं आज तुमाला सांगितलं ते आमाला तवा सांगितलं असतं, तर माझा पायबी राहिला असता अन् भिंतबी राहिली असती." त्याने काखेतली काठी सावरली. "तुमाला सांगितलंय. तुमची मर्जी."

एवढंच बोलून तो साटीवर बसायला वळला. चढता येईना. चष्म्याची थट्टा करणाऱ्या म्हाताऱ्याने जाऊन त्याला हात दिला.

पाटलाने एकदा गाडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाई, ज्येष्ठात नारू निघतील तवा तुमी इथं याल का? बारवंवर उभं राहून लोकांच्या शिव्या खायला?"

"येईन."

"मग घालू भिंत."

मी ज्येष्ठात गेले. शिव्या खाल्ल्या. तीन दिवस बारवेपाशी सकाळी बसत होते, आणि येईल त्याला तेच सांगत होते, हा गेल्या वर्षीचा आहे. एका बाईने माझ्या अंगावर पाणी फेकलं. भिंत मात्र कुणी पाडली नाही, आणि त्या गावात कुणी फोड फाडला नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पडून राहणारे पुष्कळ कमी होते. सगळे थांबले असं मी लिहिणार नाही, कारण थांबले नव्हते. आजोबांनी त्या माणसाचा पाय पाहिला. तो सरळ झाला नाही.

म्हातारीने मला क्षमा केली का, हे तुम्ही विचाराल. केली नाही. ती माझ्या सभांना येऊ लागली. आसपास कुठेही सभा असली की लेकाच्या गाडीत बसून यायची, पुढे बसायची, आणि मी "आता विचारा" म्हटलं की सर्वांआधी उठायची. "आमच्या गावात काय सांगितलं व्हतं, ते या लोकास्नी सांगा." प्रत्येक वेळी तेच शब्द. मी सांगत असे, सगळं, ठाऊक होतं हे धरून. त्यानंतर दुसरा कुठलाही प्रश्न मला अवघड वाटत नसे, आणि लोकही जरा वेगळं ऐकत. तिच्याच गावात भिंत पुन्हा उभी राहिली तेव्हा ती पहिला दगड ठेवायला गेली नाही, पण घरून भाकरी पाठवल्या.

निजामाचं राज्य गेलं त्या हिवाळ्यात, सगळीकडे धास्ती आणि आनंद एकदम असताना, डोंगरकडा गावाच्या बाजूला आमची एक सभा झाली. मी बोलून थांबले आणि सवयीने पुढच्या रांगेकडे पाहिलं. म्हातारी नव्हती. गाडी मात्र आली होती. तिचा लेक काठी टेकत पुढे आला. कपाळाला नेहमीचा बुक्का नव्हता, डोकं भादरलेलं होतं, त्यावरून मला कळलं.

"आई गेली," तो म्हणाला. "तिनं सांगून ठेवलं व्हतं, बाई उभ्या राहिल्या की जा."

"विचारा," मी म्हणाले.

"आमच्या गावात काय सांगितलं व्हतं," तो म्हणाला, "ते या लोकास्नी सांगा."

मी सांगितलं.